व्हिएतनाम, फेब्रुवारी आणि पावसाचा चार्ट

प्रश्न: फेब्रुवारी २०२७ मध्ये ४ ते १३ व्हिएतनामला जायचं ठरतंय, हनोई, हा लाँग, होई आन, सायगॉन या क्रमाने. चार्टवर हनोईला तेव्हा जेमतेम २५-३० मिमी पाऊस आणि १५ ते २० डिग्री दिसतंय, म्हणजे बेस्ट सीझनच ना? ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये स्वस्त मिळतंय पण पाऊस भरपूर दिसतो, ते टाळलेलंच बरं का?

उत्तर:

तारखा पक्क्या असतील तर असू द्या, पण रूट उलटा करा. सायगॉनला उतरा, हनोई शेवटी ठेवा. का ते सांगतो. मी कामानिमित्त काही वर्षं हनोईत राहिलोय आणि हा २५-३० मिमीचा आकडा बघून खूश होऊन आलेले बरेच पाहुणे सांभाळलेत.

तो आकडा खोटा नाहीये. फेब्रुवारीत हनोईला खरंच कमी पाऊस पडतो, फक्त तो एकदा पडून मोकळा होत नाही. उत्तरेकडून येणारा थंड वारा हिवाळ्याच्या शेवटी शेवटी समुद्रावरून फिरून येतो, वाटेत बाष्प उचलतो आणि मग हनोईवर दिवसचे दिवस एक पिठासारखी भुरभुर चालू राहते. छत्री उघडावी तर वेडेपणा वाटतो, नाही उघडली तर अर्ध्या तासात जॅकेट ओलं. मिमी मोजलं तर जवळपास काहीच नाही. पण त्याच चार्टखाली सूर्यप्रकाशाच्या तासांची ओळ असते बघा, बहुतेक लोक ती बघतच नाहीत, तिथे हनोईच्या फेब्रुवारीसमोर महिन्याभराचे ४५-५० तास दिसतील. म्हणजे दिवसाला सरासरी दीड-पावणेदोन तास ऊन, आणि ते पण रोज थोडं थोडं नाही, एखाद-दोन दिवस छान उघडीप आणि मग सलग आठवडा करडं आभाळ.

त्यात भर म्हणजे ज्याला तिथले लोक 'नोम' म्हणतात तो प्रकार, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत कधीही होतो. थंडीची लाट ओसरते आणि समुद्राकडून एकदम उबदार दमट हवा आत येते, पण घराची फरशी आणि भिंती अजून गारच असतात, त्यामुळे हवेतलं पाणी त्यांच्यावर जमायला लागतं. फरशीला अक्षरशः घाम फुटतो. तळमजल्याच्या लॉबीत कुणीतरी सारखं पोछा मारतंय, जिन्यात घसरायला होतंय, आरसा पुसला तरी दोन मिनिटांत परत धूसर, आणि धुतलेले मोजे तिसऱ्या दिवशी पण ओलेच. आपल्याला वाटतं खिडक्या उघडून वारं येऊ द्यावं, तर तेच करायचं नसतं, बाहेरची हवाच तर सगळं पाणी आत आणते. खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर टाकायचा. हॉटेल बुक करताना वरचा मजला मागा, आणि जीन्स नेऊ नका, वाळत नाहीत. शिवाय १५ डिग्री वाचायला गुलाबी थंडी वाटते पण तिथल्या बऱ्याच घरांत, स्वस्त हॉटेलांत हीटर नसतो, त्यामुळे बाहेर पण १५ आणि खोलीत पण जवळपास तेवढंच आणि वरून ओल, त्यात ती थंडी हाडात जाते.

हा लाँगचं पण तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोटी जातात, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, पण धुक्यात समुद्रातून वर आलेले ते चुनखडीचे डोंगर करड्यावर करडे दिसतात. काहींना ते आवडतं (मला आवडतं), पण निळं-हिरवं पाणी डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. धुकं फार दाट झालं किंवा वारा वाढला तर बोटी सोडायच्याच थांबवतात आणि बऱ्याचदा त्या दिवशी सकाळी कळतं. त्यामुळे हा लाँग परतीच्या फ्लाइटला चिकटून कधीच ठेवायचं नाही, बोट रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी जाता येईल एवढी सवड हवी.

आता तुमच्या तारखांची खरी गोची, जी कुठल्याच वेदर चार्टवर दिसत नाही. २०२७ ला तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, ६ फेब्रुवारीला आहे. तुम्ही हनोईला उतरणार ४ ला. तेव्हा शहर गावी निघालेलं असतं, एटीएमपुढे रांगा, टॅक्सी मिळेना. ५ च्या संध्याकाळी सगळे आपापल्या घरी, मध्यरात्री साधारणपणे होआन कीम तळ्याजवळ आतषबाजी, ती मस्तच असते. आणि ६ ला सकाळी उठून बाहेर पडाल तर नेहमी हॉर्नने कान किटवणाऱ्या जुन्या गल्ल्यांत शटर खाली आणि एखादी बाइक. फोटोला भारी, पण जेवायला कुठे जायचं हा प्रश्न. मोठी हॉटेलं आणि काही टुरिस्टी रेस्टॉरंटं चालू असतात, सणाचा सरचार्ज लावून, बाकी छोटी दुकानं, घरगुती खानावळी, पैसे बदलून देणारे, सगळे निदान तीन-चार दिवस बंद. पहिल्या दिवशी घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं यावर वर्षाचं नशीब ठरतं असं ते मानतात, तेव्हा एखादं अर्धवट उघडं दार बघून उगीच आत डोकावू नका. आणि सणाचं सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे पीचच्या फुलांच्या फांद्या, कुमक्वाटची झाडं बाइकला बांधून नेणारे लोक, फुलबाजार, ते सगळं तेतच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत असतं. तुम्ही नेमके ते संपता संपता पोचताय.

सायगॉनला याच तारखांना चित्र वेगळं आहे. तिकडे फेब्रुवारी खरोखर कोरडा, महिन्याभरात नावाला काही मिमी, ३२-३३ डिग्री, लख्ख ऊन. बंद तिथेही असतंच, पण न्गुयेन ह्वे रस्त्यावर तेतच्या आधीपासून नंतरच्या दोन-चार दिवसांपर्यंत फुलांची मोठी सजावट असते आणि सगळं शहर नटूनथटून तिथे फिरायला येतं. म्हणजे बाकी सगळं बंद असताना तुम्हाला बघायला काहीतरी आहे, आणि कोरड्या हवेत.

दुसरं कारण वाहतुकीचं. तेतच्या आधी सायगॉन आणि आसपासच्या कारखान्यांतले लोक मध्य आणि उत्तरेकडे गावी जातात, तेतनंतर परत दक्षिणेकडे येतात. म्हणजे सणाआधी दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या-विमानं फुल, आणि सणानंतर उत्तरेकडून दक्षिणेला येणारी फुल. तुमच्या मूळ प्लॅनमध्ये तुम्ही सणानंतर हनोईकडून खाली येताय, म्हणजे बरोब्बर गर्दीच्या लोंढ्यात. उलटं केलंत की लोंढ्याच्या विरुद्ध जाल आणि तिकीट बरंच सोपं पडेल.

मी असं करीन: ४ ते ७ सायगॉन, ७ ला विमानाने दा नांग, होई आनला जवळचा विमानतळ तोच, मग १० पर्यंत होई आन. तिथे तोपर्यंत पावसाळा संपलेला असतो, हवा सुखद, फक्त तेतच्या सुट्टीत तिथलीच कुटुंबं समुद्रावर येतात म्हणून हे हॉटेल सगळ्यात आधी बुक करा आणि सायगॉन-दा नांग तिकीट पण त्याच दिवशी, तेवढा एक टप्पा लोंढ्याला अपवाद आहे. होई आनमध्ये कपडे शिवून घ्यायचा विचार असेल तर आधी मेसेज करून विचारा, दुकान उघडं असलं तरी शिवणारे कारागीर गावाहून परतलेले असतीलच असं नाही. १० ला हनोई, म्हणजे सणाचा पाचवा दिवस, शटर वर जायला लागलेली असतात. ११ ला हा लाँगची एक रात्र, १२ ला दुपारपर्यंत परत, १३ ला घरी. ११ ची बोट रद्द झाली तर १२ ला दिवसाची ट्रिप करता येते. आणि ११ ला कोणी हनोईहून चुआ ह्वाँगच्या देवळात चला म्हणालं तर नाही म्हणा, चांद्र महिन्याच्या सहाव्या दिवशी तिथली जत्रा सुरू होते आणि होडीला रेटारेटी असते.

आता ऑगस्ट-ऑक्टोबर. हे तीन महिने एकत्र धरूच नका, आणि अख्ख्या देशाचा एक चार्ट तर अजिबात बघू नका. ऑगस्टमध्ये हनोईला ३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, फेब्रुवारीच्या दहापट, आणि गंमत म्हणजे ऊन पण फेब्रुवारीच्या तिपटीपेक्षा जास्त असतं. धो धो पडतो, रस्त्यात पाणी साचतं, मग उघडतं. सायगॉनला तर पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर तासा-दोन तासाचा, सकाळ तुमचीच. ऑगस्टला त्रास पावसाचा कमी आणि उकाड्याचा जास्त. त्यासाठी तापमान न बघता ड्यू पॉइंट बघा, म्हणजे हवेतलं बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन जमायला लागतं ते. तो २४ च्या वर गेला की घाम वाळत नाही, हनोईत तेव्हा तो २५-२६ असतो, आणि रात्री पण शहर गार होत नाही म्हणून झोपेत शरीराला आराम मिळत नाही. चार्टवरचे ३३ तुम्हाला चाळिशीसारखे लागतात. फिरायचं तर सकाळी सहा ते नऊ आणि मग चारनंतर, मधल्या वेळात स्थानिक लोक पण झोपतात. आणि हा लाँगला जुलै ते सप्टेंबर वादळांची भीती असते, सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळ तिथेच धडकलं होतं. एरवी वादळाचा नुसता इशारा आला तरी बोटी बंद.

ऑक्टोबर उत्तरेला वर्षातला सगळ्यात छान महिना, कोरडी हवा, स्वच्छ ऊन. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मध्य भागात, ह्वे, दा नांग, होई आनला, वर्षातला सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात नैऋत्येचा पाऊस त्रुआँग सोन डोंगररांग अडवते म्हणून हा पट्टा कोरडा आणि तापलेला राहतो, मग सप्टेंबरनंतर वारं उलटतं, समुद्रावरून येऊन त्याच डोंगराला आपटतं आणि सगळं तिथेच रिकामं होतं. ह्वेला एकट्या ऑक्टोबरमध्ये ७०० मिमीच्या वर सरासरी आहे. हा पाऊस सायगॉनसारखा सकाळ मोकळी ठेवत नाही, दिवसरात्र पडतो, नदी फुगते आणि होई आनचा जुना भाग नदीकाठी सखल आहे, तो पाण्यात जातो. तिथल्या तान की नावाच्या जुन्या घरात भिंतीवर कुठल्या वर्षी पूर कुठपर्यंत आला त्याच्या खुणा केल्यात, काही माणसाच्या डोक्याच्या वर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्वे आणि होई आन दोन्ही बुडाले होते. तेव्हाच्या होई आनच्या स्वस्त डीलमध्ये स्वस्त का, हे वेगळं सांगायला नको.

तर ऑक्टोबर घ्यायचाच तर फक्त हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग आणि सापा करा, मधला भाग सोडा. ऑगस्टमध्ये मात्र होई आन घालायला हरकत नाही, सप्टेंबरच्या मध्यानंतर नको. बुकिंग करताना हा लाँगच्या बोटवाल्याला एकच गोष्ट लेखी विचारा, बंदराने बोट थांबवली तर पूर्ण पैसे परत की फक्त तारीख बदलून. दहा दिवसांच्या ट्रिपमध्ये बदललेल्या तारखेचा तुम्हाला काही उपयोग नाही.