लॅबमधले दहा आणि गणितातले सहा

प्रश्न: मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. दुसऱ्या सेमिस्टरच्या मार्कशीटचा फोटो त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सातही विषयांचे ग्रेड पॉइंट मिळवून सातने भागले तर ८.१४ येतात, पण छापलेत ७.५०. रिचेकिंगचा अर्ज करावा का? पहिल्या सेमिस्टरला ८.४६ होते. दोन्हींची सरासरी ७.९८ येते आणि अंबडच्या एका कंपनीच्या इंटर्नशिपला ८ हवेत. म्हणजे ती संधी गेलीच ना? (एक आई, सिन्नर)

नमस्कार ताई,

रिचेकिंगची फी भरू नका. छापलेले ७.५० बरोबर आहेत. ८.१४ चा आकडा आला, कारण तुम्ही सातही विषयांना सारखे वजन दिलेत. विद्यापीठ तसे करत नाही.

फोटोत विषयाच्या नावाशेजारी क्रेडिटचा रकाना आहे. गणित आणि भौतिकशास्त्र ४-४ क्रेडिटचे, इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रामिंग ३-३ चे, वर्कशॉप २ चे आणि दोन्ही लॅब प्रत्येकी १ क्रेडिटच्या. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळे गुणाकार मिळवायचे आणि बेरजेला विषयांच्या संख्येने न भागता एकूण क्रेडिटनी भागायचे. गणित ६ चोक २४, भौतिकशास्त्र ७ चोक २८, इलेक्ट्रिकल ७ त्रिक २१, प्रोग्रामिंग ८ त्रिक २४, वर्कशॉप ९ दुणे १८ आणि लॅबचे १० व १०. बेरीज १३५, क्रेडिट १८, भागाकार ७.५०. मुलाला दहा पॉइंट मिळाले ते एकेका क्रेडिटच्या लॅबमध्ये आणि सहा मिळाले ते चार क्रेडिटच्या गणितात. साध्या सरासरीत लॅबचे दहा गणिताच्या सहाइतकेच भारी ठरले, म्हणून तुमचा आकडा फुगला.

फोटोत एक अडचण मलाही आली. प्रोग्रामिंगच्या ओळीवर कागदाची घडी पडली आहे आणि तिथला आकडा ८ आहे की ३ ते कळत नाही. यूजीसीच्या दहा पॉइंटच्या तक्त्यात पास होणाऱ्याला कमीत कमी ४ मिळतात आणि नापासाला ०. ३ हा ग्रेड पॉइंट त्यात नाहीच. शिवाय तळाशी एकूण १३५ छापले आहेत. बाकीच्या सहा विषयांचे गुणाकार १११ होतात, उरले २४. ते ३ क्रेडिटचे, म्हणजे ८ च. फोटोवरून हिशेब करताना क्रेडिटची आणि गुणाकारांची, अशा दोन्ही बेरजा छापील आकड्यांशी जुळवून बघा. एखादा आकडा चुकीचा वाचला असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. तरीही फॉर्म भरताना आकडे मूळ मार्कशीटवरूनच घ्यायला मुलाला सांगा.

आता इंटर्नशिप. ८.४६ आणि ७.५० मिळवून दोनने भागताना पुन्हा तेच झाले, या वेळी सेमिस्टरच्या बाबतीत. पहिले सेमिस्टर २४ क्रेडिटचे आहे, दुसरे १८ चे. दोन गट लहानमोठे असले की त्यांच्या सरासरींची सरासरी चालत नाही. दोन्हींचे मूळ गुणाकार एकत्र करावे लागतात. पहिल्याचे २०३ आणि दुसऱ्याचे १३५ मिळून ३३८. क्रेडिट २४ आणि १८ मिळून ४२. ३३८ भागिले ४२ म्हणजे ८.०५. संधी गेलेली नाही, ताई! मोठ्या सेमिस्टरला चांगले गुण होते म्हणून एकत्रित आकडा ७.९८ च्या वर राहिला. हेच उलटे असते, म्हणजे ७.५० चे सेमिस्टर २४ क्रेडिटचे आणि ८.४६ चे १८ चे, तर एकत्रित आकडा ७.९१ च्या आसपास आला असता.

दोन्ही सेमिस्टरची क्रेडिट सारखी असतील तेव्हा मात्र साधी सरासरी बरोबर येते. म्हणूनच ही सवय लागते आणि चूक लक्षात येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने अशीच साधी सरासरी अर्जात लिहिली होती. कागदपत्रे तपासताना आकडा जुळला नाही आणि तिचा अर्ज बाद झाला. मुलाने ८.०५ लिहावेत आणि दोन्ही मार्कशीट जोडाव्यात. फॉर्ममध्ये टक्के मागितले असतील तर मनाने दहाने गुणू नका. विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र वेगळे असू शकते, ते मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागात बघा.

आणखी एक, कारण ८.०५ म्हणजे अगदी काठावर. या १८ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये एका लॅबचा एक ग्रेड घटला असता तर सेमिस्टरचा आकडा जेमतेम ०.०६ ने घटला असता, आणि गणितातला एक ग्रेड वाढला असता तर तो ०.२२ ने वाढला असता. तिसऱ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम हातात आला की मुलाला आधी क्रेडिटचा रकाना बघायला लावा आणि चार क्रेडिटच्या विषयांचा अभ्यास पहिल्या महिन्यातच सुरू करू द्या.