खारपड भाताच्या प्रकल्पासाठी इंटर्नशिपचे पत्र

प्रश्न: "मी बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. खारपड जमिनीसाठी भाताचे वाण तयार करणाऱ्या एका सरांकडे जानेवारी ते एप्रिल इंटर्नशिप हवी आहे. पत्रात लिहिले की मला भात संशोधनाची खूप आवड आहे, कृपया संधी द्यावी. अशाच तिघांना पाठवले, एकाचेही उत्तर नाही. काय बदलू?"

भात पैदासीत बरीच वर्षे काम केल्यामुळे अशी पत्रे मी पुष्कळ वाचली आहेत. तुमच्या पत्रातून सरांना तुमची आवड कळते, पण तुम्हाला कोणत्या आठवड्यात कोणत्या कामावर घ्यायचे हे कळत नाही. त्यांचे सगळे वेळापत्रक भाताच्या फुलोऱ्यावर चालते, म्हणून आधी तारखा बघा.

जानेवारीत पेरलेले उन्हाळी भात साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये निसवते. संकराचे काम तेव्हाच, थोड्याच दिवसांत उरकावे लागते. त्यानंतर दाणा पिकायला आणखी २५ ते ३० दिवस जातात. म्हणजे एप्रिलअखेर तुम्ही निघालात तर स्वतः केलेल्या संकराचे बी बहुतेक तुमच्या हाती येणार नाही. मेच्या मध्यापर्यंत थांबता येत असेल तर तसे स्पष्ट लिहा. परीक्षा आड येत असेल तर संकराचे काम मागूच नका. ट्रेमधल्या रोपांची क्षार चाचणी आणि पानांतून डीएनए काढणे मागा. ही कामे फुलोऱ्याची वाट पाहत नाहीत.

दुसरी गोष्ट हाताची. संकर करताना आदल्या संध्याकाळी मादी वाणाच्या लोंबीतल्या प्रत्येक फुलाचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग कात्रीने कापतात, आतले सहाही परागकोश चिमट्याने काढतात आणि लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उमलू लागली की नर वाणाचे पराग त्यावर झटकतात. शिकत असताना मी एकदा हे परागकोश संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी उशिरा सकाळी काढले. काही आधीच फुटले होते. बी धरले आणि मला आनंदही झाला, पण पुढच्या हंगामात निम्म्याहून अधिक रोपे हुबेहूब मादी वाणासारखी निघाली. मार्कर लावल्यावर खऱ्या संकरात आईचा आणि बापाचा असे दोन पट्टे दिसतात. या रोपांत आईचा एकच दिसला. सगळा हंगाम वाया गेला. म्हणून नवख्या हाताबद्दल पैदासकार सावध असतात. ऑक्टोबर असेल तर अजून उशिराचे वाण निसवत असतील. कोणाच्या शेतात विचारून दोन-चार लोंब्यांवर सराव करा आणि किती फुले नीट साधली ते पत्रात लिहा.

तिसरे, प्रकल्पाविषयी एक खरा प्रश्न. केरळच्या पोक्कली भातातून आलेला साल्टॉल हा पहिल्या गुणसूत्रावरचा भाग रोपावस्थेत क्षार सोसायला मदत करतो. कोकणात मात्र पावसाने धुतलेले क्षार पाऊस ओसरल्यावर पुन्हा वर येतात, आणि नेमके तेव्हा भात फुलोऱ्यात किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत असते. सरांनी खरोखर साल्टॉल वापरला आहे का, हे त्यांच्या लेखात आधी तपासा. नसेल तर प्रश्न त्यांच्या कामावरून घ्या.

मी असे लिहीन:

"आदरणीय सर,
सादर प्रणाम. मी बी.एस्सी. बायोटेक, अंतिम वर्षाची विद्यार्थिनी. साल्टॉलवरचा आपला लेख वाचला. या भागाने रोपावस्थेत मिळणारी सहनशीलता फुलोऱ्यातही टिकते का, की त्यासाठी वेगळे दाते वाण लागतील, हे समजून घ्यायचे आहे.
१५ जानेवारी ते १५ मे मी पूर्ण वेळ येऊ शकते. सुरुवातीला क्षार चाचणी आणि डीएनएचे काम, एप्रिलमध्ये संकर आणि मेमध्ये बी काढणी, यांपैकी जिथे गरज असेल तिथे करीन. कॉलेजात डीएनए काढणे, पीसीआर आणि जेल स्वतः केले आहे. ऑक्टोबरमध्ये ३० फुलांचे परागकोश काढून पाहिले. २१ साधली, बाकीची चिमट्याने दुखावली.
राहण्याचा खर्च मी करीन. विभागप्रमुखांचे संमतीपत्र जोडले आहे. पंधरा मिनिटे भेटीची वेळ मिळावी, ही विनंती."

आकडे तुमचे स्वतःचे घाला. दुखावलेल्या फुलांचा आकडा लपवू नका, त्यावरूनच तुम्ही खरोखर करून पाहिले आहे हे सरांना कळते. खर्च झेपणार नसेल तर तेही सरळ लिहा, काही प्रकल्पांत थोडी तरतूद असते.

पत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाठवा, कारण डिसेंबरात उन्हाळी रोपवाटिकेची आखणी होते आणि कोणाला कोणते वाफे द्यायचे ते तेव्हाच ठरते. त्या सुमारास खरिपाची कापणी चालू असल्याने उत्तराला दहा-बारा दिवस लागू शकतात. मग एकदा आठवण करा, त्याच मेलखाली, दोन ओळींत.