सप्लायरकडे कामगारांचा संप आहे, ऑर्डरी लटकल्यात. गिऱ्हाईकांना आत्ताच सांगू की थोडं थांबू? आहे तेवढा माल पाठवला तर चालेल का?

आजच सांगा. थांबण्याचे काय भोग असतात ते मी 2015 ला बघितलेत.

आमचा परकर शिवायचा धंदा, पॉपलीन इचलकरंजीचं. त्या वर्षी जुलैत तिथल्या सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी संप केला. सायझिंग बंद म्हणजे सुताला खळ नाही, उभं सूत गुंडाळलेली बिमं नाहीत, आणि बीम नाही तर माग चालवणार कशावर? पण मागावर चढलेलं बीम संपेपर्यंत कापड निघत राहतं, त्यामुळे पहिला आठवडाभर काही जाणवतच नाही. आमचे भाऊजी (दीर) म्हणाले, मिटेल चार दिवसांत, उगाच गिऱ्हाईक कशाला घाबरवायचं. मी मागवाल्याला विचारलं, संपाचं राहू दे, मागावर किती दिवसांचं बीम उरलंय तेवढं सांग. तो म्हणाला आठ दिवसांचं. म्हणजे आठ दिवसांनी कापड बंद, आणि संप मिटला तरी बीम भरणं, विणणं, डाईंग, शिलाई यात तीन आठवडे जाणार. गिऱ्हाईकाला सांगायची तारीख अशी काढायची, संपाच्या बातम्या वाचून नाही.

भाऊजींनी लातूरच्या दुकानदाराला 600 पैकी 250 नग न विचारता पाठवले, सगळे काळे आणि मरून, कारण तेवढेच तयार होते. गौरी-गणपतीच्या तोंडावर! त्याचा फोन आला, "वहिनी, हिरव्या-पिवळ्या साड्यांखाली बायका काळा परकर नेसणारेत का?" माल परत, वर जायचं-यायचं भाडं आमच्या बोडक्यावर.

पंढरपूरच्या गिऱ्हाईकाला मात्र मी आधीच फोन केला होता. सांगितलं, 300 तले 120 आत्ता देते, दहा रंगांत बारा-बारा, भाडं माझं. उरलेल्यासाठी मालेगावचं कापड आहे, हाताला पातळ लागतं, नगामागे 6 रुपये कमी लावते, नमुना पाठवते, बघून ठरवा. नाहीतर ॲडव्हान्स परत. त्यांनी 120 घेतले, मालेगावचे 100 घेतले, 80 कॅन्सल केले, आणि अजून माल आमच्याकडूनच नेतात.

तर अर्धा माल पाठवायचा तो विकता येईल असा, आणि विचारून. पुढच्या लॉटला शेड डिट्टो येणार नाही हेही तेव्हाच बोलून टाका. संप कुणाचा, चूक कुणाची हे गिऱ्हाईकाला ऐकवत बसू नका, त्याला फक्त माल कधी ते पाहिजे असतं. फोन झाल्यावर तेच व्हॉट्सॲपवर लिहून टाका.

हां, मोठ्या कंपनीची ऑर्डर असेल आणि उशिराला दंड लिहिलेला असेल तर आधी करारात संपाबद्दल काय म्हटलंय ते वाचा, तिथे माझा अनुभव नाही.

भाऊजी अजून म्हणतात, "शेवटी मिटलाच की संप." मिटला ना, पन्नासेक दिवसांनी, आणि 17 सप्टेंबरला गणपती बसले होते.