‘वय ३+’ एवढंच लिहू नका

खेळण्यावरच्या इशाऱ्याच्या तुमच्या मसुद्यात नुसतं ‘वय ३+’ आहे; ते पुरेसं नाही. पालक त्याचा अर्थ ‘तिसऱ्या वर्षी जमेल’ असा घेतात, आणि आपलं दोन वर्षांचं पोर हुशार आहे म्हणून खेळणं हातात देतात. इथे प्रश्न अकलेचा नाही, घशाचा आहे. त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. खेळण्याचा भाग घशात अडकण्याइतका लहान आहे का, हे ज्या नळकांड्यात टाकून तपासतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. न दाबता त्यात पूर्ण मावणारा भाग धोक्याचा. म्हणून लिहा: ‘इशारा! ३ वर्षांखालील मुलांना देऊ नये. लहान भाग घशात अडकून श्वास कोंडू शकतो.’ मी पूर्वी नुसतं ‘गुदमरण्याचा धोका’ लिहायचो. पण माणूस धुरानेही गुदमरतो. ‘घशात अडकून’ म्हटलं की आई सुटं चाक शोधते.