पट्टी झटकन पकडली, मग गाडी का घासली?

"लायसन्स मिळून तीन महिने झाले. रात्री 8 ते 9च्या दरम्यान 500 मिलीचे दोन बिअरचे कॅन घेतले. 10 वाजता अगदी ठीक वाटत होतं. माझी प्रतिक्रिया किती झटपट आहे ते बघायला मित्राने वरून मोजपट्टी सोडली, तीही मी झटकन पकडली. तरी वळणावर स्कूटरला गाडी घासली. मी मर्यादेच्या आत होतो ना?"

नव्हता. 5 टक्क्यांच्या दोन कॅनमध्ये साधारण 40 ग्रॅम अल्कोहोल असतं. या मुलाचं वजन 65 किलो. त्याच्या शरीरात ते जिथे पसरतं तो भाग सुमारे 44 किलोचा, म्हणजे 100 मिली रक्तात जवळपास 90 मिलीग्रॅम. यकृत तासाला साधारण 15 उतरवतं. 8ला सुरुवात केली असेल, तर 10 वाजता 60च्या आसपास उरतात. भारतातली मर्यादा 30 आहे. तिथे तो मध्यरात्रीच्या सुमारास पोचला असता आणि शून्यावर पहाटे 2ला. हा अंदाजच. यकृताचा वेग माणसागणिक बदलतो, म्हणून असं गणित मांडून पिण्याची वेळ ठरवू नये. कॉफीने किंवा आंघोळीने तो वेग वाढत नाही.

आता पट्टीचं. तिथे एकच गोष्ट बघायची आणि एकच हालचाल करायची असते. थोड्या दारूने एवढ्या साध्या प्रतिक्रियेत फारसा फरक पडत नाही. बिघडतं ते एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवणं, आणि तेही 20 मिलीग्रॅमपासूनच. आम्ही त्याला वळणाचे ते क्षण एकेक करून सांगायला लावले. त्याने आरसा पाहिला, क्लच दाबला, गिअर दुसरा की तिसरा यावर अडखळला. तेवढ्यात डावीकडून स्कूटर आली. ती "अचानक" आली असं तो म्हणाला, पण ती आधीपासून तिथेच होती. मुरलेल्या चालकाचा हात गिअरवर आपोआप जातो. नवशिक्याला त्यासाठीही लक्ष खर्चावं लागतं, आणि दारू नेमकं तेच लक्ष कमी करते. ताशी 60च्या वेगात 0.3 सेकंद उशीर झाला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी 5 मीटर पुढे गेलेली असते.

"ठीक वाटत होतं" हेही खरंच. रक्तातलं प्रमाण उतरू लागलं की नशा गेल्यासारखी वाटते, पण चुका तशाच होत राहतात. स्वतःला जोखण्याची ताकदच आधी ढासळते, म्हणून अशा वेळी स्वतःच्या अंदाजावर विसंबणं धोक्याचं.

कायद्यातला आकडा शिक्षा कुठून सुरू होते ते सांगतो; त्याखाली गाडी सुरक्षित चालते असं नाही. जर्मनीत इतरांना 50पर्यंत मुभा आहे, पण नव्या चालकाला पहिली दोन वर्षं शून्य. भारतात नवशिक्यासाठी वेगळा आकडा नाही, तेव्हा तो शून्य स्वतःच पाळायचा. त्या मुलाने आता एक केलंय: प्यायचं असेल त्या दिवशी गाडीची किल्ली घरीच ठेवतो.