ढोलकीची थाप धूसर का ऐकू येते

प्रिय,

तुझं सेशन ऐकलं. ढोलकीचा मूळ ट्रॅक एकटा वाजवला की थाप स्वच्छ येते. कॉम्प्रेसरची समांतर बस त्यात मिसळली की आवाज मोठा होतो, पण थापेची धार जाते आणि मधला भाग पोकळ वाटतो. तू ईक्यूने ती पोकळी भरायचा प्रयत्न केला आहेस. तो ईक्यू आधी काढून टाक, कारण दोष टोनमध्ये नाही, वेळेत आहे.

तुझ्या बसवरचा कॉम्प्रेसर लुकअहेड वापरतो. पुढे येणारी थाप त्याला आधी दिसायला हवी, म्हणून तो आवाज थोडा अडवून ठेवतो आणि मग सोडतो. असा प्रत्येक प्लगइन आपल्याला किती सॅम्पल उशीर होतो हे सॉफ्टवेअरला कळवतो. सॉफ्टवेअर सगळ्यात लांबलेला मार्ग पाहतं आणि बाकीच्या मार्गांना तेवढंच थांबवतं, म्हणजे सगळे एकत्र पोहोचतात. प्लगइन डिले कॉम्पेन्सेशन ते हेच. लक्षात घे, हा सगळा कारभार प्लगइनने सांगितलेल्या आकड्यावर चालतो. आकडा चुकीचा असेल, किंवा गाणं चालू असताना लुकअहेड सुरू केल्यावर नवा आकडा पोहोचलाच नाही, तर सॉफ्टवेअरला ते कळायला मार्ग नाही.

समज, बस 64 सॅम्पल मागे राहिली. 48 किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये हे साधारण 1.33 मिलिसेकंद होतात. एवढ्या अंतराने दोन थापा वेगळ्या ऐकू येत नाहीत, त्या एकमेकींत मिसळतात. 375 हर्ट्झची लहर एवढ्या वेळात बरोबर अर्धं आवर्तन पुढे जाते, त्यामुळे मूळ आवाज वर असताना बसचा आवाज खाली असतो आणि दोघं एकमेकांना खातात. हेच पुन्हा 1125 ला, 1875 ला, अशा विषम पटींवर होत जातं. मधल्या 750 आणि 1500 ला मात्र दोन्ही आवाज एकमेकांना जोर देतात. याला कॉम्ब फिल्टरिंग म्हणतात. थापेच्या सुरुवातीच्या क्षणात जवळजवळ सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, म्हणून मार तिलाच सर्वांत जास्त बसतो. बस मूळ ट्रॅकपेक्षा 6 डेसिबल खाली असली तरी खड्डे साधारण 6 डेसिबलचे पडतात, आणि ते सहज ऐकू येतात. खड्डे असे ठराविक अंतराने वरपर्यंत पसरलेले असल्यामुळे ईक्यूच्या चार-पाच बँडनी ते भरत नाहीत. हजारो सॅम्पलचा उशीर झाला तर दुहेरी ठोका लगेच कानावर येतो. जपायचं ते या लहान उशिरांपासून.

खात्री अशी कर. कॉम्प्रेसरचं रेशो 1:1 वर आण, मेकअप गेन शून्य ठेव, पण प्लगइन बायपास करू नकोस, कारण काही प्लगइनचा उशीर बायपास केल्यावर बदलतो. बस आणि मूळ ट्रॅकची लेव्हल समान कर आणि बसची पोलॅरिटी उलटी कर. सगळं जुळलेलं असेल तर शांतता येईल. खालचा आवाज गेला आणि वर पातळ, पत्र्यासारखा आवाज उरला, तर बस मागे आहे. रंग चढवणारे प्लगइन या चाचणीत कधीच पूर्ण शांत होत नाहीत. तेव्हा मूळ ट्रॅकवर एक क्लिक ठेव, बसचं आउटपुट नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर, झूम करून दोन शिखरांमधले सॅम्पल मोज.

दुरुस्तीची सुरुवात साध्या गोष्टीने कर: प्लेबॅक थांबवून पुन्हा सुरू कर, प्लगइन काढून परत लाव. लॉजिकमध्ये काम करत असशील तर कॉम्पेन्सेशनची सेटिंग `All` वर आहे का ते बघ. `Audio and Software Instrument Tracks` निवडलेलं असेल तर ऑक्सवरच्या प्लगइनची भरपाई होत नाही, आणि समांतर बस नेमकी ऑक्सवरच असते.

आकडाच खोटा निघाला, तर बस पुढे ओढता येत नाही, मूळ आवाज मागे घ्यावा लागतो. माझी पसंती अशी की तोच प्लगइन, तीच लुकअहेड ठेवून आणि रेशो 1:1 करून, मूळ ट्रॅकवरही लाव, पण त्याच्या आधी सेंड निघेल अशी मांडणी कर. सेंड नंतर निघाला तर बसलाही तोच उशीर दुसऱ्यांदा लागेल आणि अंतर तसंच राहील. हा मार्ग सॅम्पल डिले लावण्यापेक्षा बरा, कारण मिलिसेकंदांत ठरलेली लुकअहेड 96 किलोहर्ट्झला दुप्पट सॅम्पल घेते आणि हाताने लिहिलेला 64 तिथे कमी पडतो. तुझ्या सेशनमध्ये त्याच ढोलकीचा रूम माइकही आहे. मूळ ट्रॅक मागे घेतलास तर त्यालाही तेवढाच मागे घे, नाहीतर हाच दोष त्या दोघांच्या मध्ये नव्याने उभा राहील.