मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांवर पांढरा थर

प्रश्न: 1 किलो कोवळ्या कैऱ्या अख्ख्या बरणीत घालून त्यावर 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मीठ विरघळवून ओतलं. बरणी उकळून, उन्हात वाळवून घेतली होती. तरी दोन आठवड्यांत वर पांढरा थर आलाय आणि काही कैऱ्या मऊ पडल्यात. बरणीतच काही राहिलं असेल का?

उत्तर:

बरणीला दोष देऊ नका, हिशोब चुकलाय. आणि तो तुमचा नाही, ही कृती जिथे जिथे लिहिलेली असते तिथेच तो अर्धा सोडलेला असतो. (मी फूड टेक्नॉलॉजिस्ट वगैरे नाही, वर्षानुवर्षं कैऱ्या खारवते एवढंच, तेव्हा त्या बेताने घ्या.)

तुम्ही पाण्याच्या मानाने मीठ धरलंत, पण कैरीत स्वतःचं पाणी असतं ते कुणी धरायचं? किलोभर कैरीत साधारण 850 ग्रॅम तरी पाणीच. बाहेर खारट पाणी आलं की कैरीच्या पेशीतलं पाणी पेशीच्या पातळ पडद्यातून बाहेर यायला लागतं, कारण पाणी त्यातून सहज जातं पण मीठ सहज आत शिरत नाही. आतला भाग आक्रसतो आणि बाहेरच्या टणक भिंतीपासून सुटतो, गादी तशीच राहून खोळीच्या आत कापूस गोळा व्हावा तसं. म्हणून कैरी सुरकुतते. काही दिवसांनी त्या पेशी मरतात, पडदा राखण करत नाही, मग मीठही आत जातं आणि आतबाहेर सगळीकडे सारखं होतं. म्हणजे तुमचं 100 ग्रॅम मीठ शेवटी 1850 ग्रॅम पाण्यात वाटलं गेलं. 10 टक्के म्हणताय ते खरं तर जेमतेम 5 टक्के.

जंतूंचंही हेच होतं. त्यांच्याही पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आतला भाग आक्रसतो आणि वाढ थांबते. मरतीलच असं नाही हं, बरेचसे नुसते अडून बसतात, पाणी पातळ झालं की परत सुरू. 5 टक्क्यांत आंबट करणारे लॅक्टिक जंतू मजेत वाढतात, ते एक वेळ चालतील, पण वरचा थर करणारं यीस्टही वाढतं. ते आंबटपणा खाऊन टाकतं आणि मग बुरशीला रान मोकळं. मऊपणा बहुतेक तिथूनच येतो, फळ टणक ठेवणारं पेक्टिन ही मंडळी फोडतात.

मला हा ताप झाला तो एका प्रशिक्षण केंद्राच्या कागदामुळे. त्यावर "10 टक्के मिठाचे द्रावण ओतावे" एवढंच छापलेलं. अख्खं पिंप फेकावं लागलं, विचारायला गेले तर खिडकीतूनच "स्वच्छता पाळली नसेल". पुढच्या मोसमात मी सगळं उकळून उकळून घेतलं, तरी तेच! किती मीठ शेवटी उरतं हे तिथे एकालाही सांगता आलं नाही, प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून दिलं. असो.

तर वर्षभर टिकवायच्या असतील तर कैरीतलं पाणी धरून 12 टक्के तरी पडलं पाहिजे, म्हणजे तुमच्या मापाला साधारण 250 ग्रॅम मीठ. वजन करूनच घ्या, वाटीने नको, खडे मीठ आणि बारीक मीठ एका वाटीत सारखं मावत नाही. पण सगळं एकदम घालू नका, सुरुवातीलाच फार कडक पाणी दिलं तर कैरी चिंचोके झाल्यासारखी आक्रसते आणि पुरती फुगत नाही. आधी 100, मग तीन-चार दिवसांच्या अंतराने उरलेलं दोनदा. कैऱ्या तरंगता कामा नयेत, वर बशी आणि स्वच्छ दगड. गोव्यात चेपणीच्या तोरांना, म्हणजे मिठात घातलेल्या कोवळ्या कैऱ्यांना, दाबून ठेवतात ते उगीच नाही, पाण्याबाहेर आलेल्या भागावर मिठाचा जोर चालत नाही. खाताना तासभर साध्या पाण्यात ठेवा, मीठ उलट्या वाटेने बाहेर येतं. बीपी असेल तर तरीही जपूनच, आणि कमी मिठाच्याच हव्या असतील तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा, टिकण्याची आशा सोडून.

आताच्या बरणीचं काय: थर सपाट, सुरकुतलेला पांढरा असेल तर ते यीस्ट. केसाळ, हिरवं-काळं काही दिसलं किंवा घाण वास आला तर सगळं टाका, वरवर काढून वाचवायला जाऊ नका. नुसतंच यीस्ट असेल तर थर काढा, मऊ कैऱ्या फेका, पाणी गाळून उकळा, त्यातच आणखी 150 ग्रॅम मीठ विरघळवा आणि पूर्ण गार झाल्यावर टणक कैऱ्यांवर ओता. इथे मात्र एकदम घातलं तरी चालेल, आत मीठ आधीच गेलंय त्यामुळे फार आक्रसणार नाहीत. मऊ कैऱ्या जास्त निघाल्या तर मीठ थोडं कमी लागेल, पण जास्त झालं तर बिघडत नाही.